दुकानाची वेबसाइट करून देता, पण डोमेन आपल्या नावावर? या चुका टाळा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ फराळाचं एक दुकान आहे. दुकानाच्या मालक काकांसाठी मी एक पानी वेबसाइट केली होती: फराळाचे फोटो, किलोचे भाव, व्हॉट्सॲपचं बटण आणि नकाशा. पुढच्या वर्षी दिवाळीला दहा-बारा दिवस असताना त्यांचा फोन आला, "अरे, डब्यावरचं ते चौकोनी चित्र स्कॅन केलं की भलतंच काहीतरी येतंय."

मी दुकानात गेलो. चकलीचा डबा हातात घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला, तर समोर साइट सापडत नसल्याची इंग्रजी सूचना. तसे दोन हजार डबे छापून आतल्या खोलीत रचलेले होते. डोमेनची, म्हणजे साइटच्या विकत घेतलेल्या पत्त्याची, मुदत सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात संपली होती. ते मी माझ्या जुन्या ईमेलवर, माझ्या कार्डाने घेतलं होतं. मधल्या काळात बँकेने कार्ड बदलून दिलं, ऑटोपे तुटलं, आणि आठवणीच्या ईमेल मी उघडत नसलेल्या खात्यात पडून राहिल्या. ज्या ऑनलाइन टूलवर वेबसाइट बनवली होती त्याचे पैसे भरलेले होते, पानही शाबूत होतं, पण तिथे जाणारा पत्ताच गेला होता. चूक पूर्णपणे माझी होती.

पहिली चूक: सगळं आपल्या ईमेलवर उघडणं

हे आळसापोटी होतं. दुकानदाराला पासवर्ड आठवत नाही, ओटीपीसाठी दर वेळी त्याला फोन करावा लागतो, म्हणून आपण आपलंच खातं वापरतो. पण डोमेन ज्याच्या नावावर आणि ज्याच्या ईमेलवर, तोच त्याचा मालक धरला जातो. उद्या आपण नोकरीसाठी पुण्याला गेलो किंवा दुकानदाराशी बिनसलं, तर त्याच्या हाती काहीच राहत नाही.

आता मी पहिल्याच बैठकीत दुकानासाठी नवं ईमेल खातं उघडतो. रिकव्हरीचा मोबाइल नंबर काकांचा किंवा घरातल्या कुणाचा तरी, माझा नाही. त्याच ईमेलवर डोमेन, टूलचं खातं आणि गूगल मॅपवरची दुकानाची नोंद. डोमेनचे पैसेही दुकानाच्या यूपीआयवरून किंवा कार्डावरून. मला कामापुरता प्रवेश हवा असतो, तो बहुतेक टूल्समध्ये सहकारी म्हणून जोडून घेता येतो.

टूलचा फुकट पत्ता छापून घेणं हीसुद्धा याच जातीची चूक. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून `business.site` वर फुकट वेबसाइट मिळायची. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांच्या पाट्यांवर आणि पिशव्यांवर तो पत्ता होता, त्यांना सगळं नव्याने छापावं लागलं. स्वतःचं डोमेन असेल तर टूल बंद पडलं तरी तोच पत्ता दुसऱ्या पानाकडे वळवता येतो.

बंद पडली तर आधी काय बघायचं

साइट उघडत नाही म्हटल्यावर लोक घाईघाईने टूलमध्ये शिरून पान पुन्हा पब्लिश करत बसतात. आधी दोष कुठे आहे ते शोधा. टूलने दिलेल्या मूळ पत्त्यावर पान उघडतंय आणि फक्त आपल्या डोमेनवर उघडत नाही, तर दोष बहुधा डोमेनकडे आहे, किंवा टूलच्या पैसेवाल्या प्लॅनची मुदत संपून डोमेनची जोडणी सुटली आहे. `www` लावून उघडतं आणि नुसत्या नावाने उघडत नाही, तर डीएनएसमधली, म्हणजे डोमेन कुठल्या पानाकडे न्यायचं ते सांगणाऱ्या यादीतली, एक नोंद राहून गेली आहे. गूगल साइट्सवर हे नेहमी दिसतं. तिथे `www` ची सीनेम नोंद, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणारी नोंद, `ghs.googlehosted.com` कडे लावतात आणि नुसतं नाव `www` कडे वळवायचं विसरतात.

डोमेनची अवस्था `lookup.icann.org` वर दिसते. इथे एक फसगत होते. `.com` ची मुदत संपली की मूळ नोंदणीत तारीख आपोआप एक वर्ष पुढे सरकते, पैसे भरलेले नसले तरी. ती पुढची तारीख बघून निश्चिंत होऊ नका, ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं त्या रजिस्ट्रारच्या खात्यात शिरूनच खात्री करा. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात डोमेन परत घेता येतं. ही सवलत रजिस्ट्रारप्रमाणे बदलते, पण `.com` साठी जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यानंतर ३० दिवसांचा `redemption period`. त्यात डोमेन मिळतं, पण नूतनीकरणाच्या कितीतरी पट दंड भरून. मग पाच दिवसांनी नाव मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं.

काकांचं डोमेन दंडाच्या टप्प्यात होतं. दंड मी माझ्या खिशातून भरला आणि तीन दिवसांनी डबा स्कॅन केल्यावर पुन्हा चकली दिसली.

ऑटोपेवर सगळा भार टाकू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून ठरावीक काळाने पैसे कापायला ग्राहकाची वेगळी मंजुरी लागते. कार्ड बदललं की बऱ्याचदा ती नव्याने द्यावी लागते, आणि परदेशी टूल्सच्या बाबतीत ती अनेकदा अडकते. मी मुदतीच्या ४५ दिवस आधीची आठवण माझ्या आणि दुकानदाराच्या, अशा दोन्ही मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकतो.

दुसरी चूक: एकच आकडा सांगणं

"वेबसाइटचे आठ हजार," असं सांगितलं की दुकानदार समजतो, आयुष्यभराचे झाले. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचे पैसे मागितले की त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्याची समजूत चुकीची नसते. पहिल्या वर्षी डोमेन सवलतीत मिळतं आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण दर लागतो, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मी तीन ओळी वेगळ्या लिहून देतो. पहिली, बनवण्याची मजुरी. फोटो काढायला दोन तास, मजकूर आणि भाव जमवायला दोन, पान मांडायला पाच, डोमेन जोडायला एक आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांना चार, असे चौदा तास. माझा दर तासाला ५०० रुपये, म्हणजे ७,००० रुपये, एकदाच. दुसरी ओळ, डोमेन आणि टूलच्या प्लॅनचा दरवर्षीचा खर्च, दुसऱ्या वर्षीच्या पूर्ण दराने. हे पैसे दुकानदार थेट भरतो, त्यात माझा हिस्सा नाही. तिसरी ओळ देखभालीची, वर्षाला ४,००० रुपये. त्यात भाव किंवा फोटो बदलण्याचे बारा छोटे बदल, दर महिन्याला साइट आणि व्हॉट्सॲपचं बटण तपासणं आणि नूतनीकरणाची आठवण. नवं पान किंवा ऑनलाइन पैसे घेण्याची सोय हे वेगळं काम.

देखभाल नको असेल तर तसं म्हणण्याची मुभा त्याला असते. त्याच कागदावर मी लिहितो की भाव बदलणं आणि मुदत सांभाळणं दुकानाकडे, अमुक माणसाकडे. नाव लिहिल्याशिवाय ते काम कुणाचंच नसतं.

काकांकडे आता हे त्यांच्या सूनबाई बघतात. साइट हाती देताना मी दुकानातच बसलो आणि त्यांना त्यांच्या फोनवरून लॉगिन करून पातळ पोह्यांच्या चिवड्याचा भाव बदलायला सांगितलं. ओटीपी त्यांच्या फोनवर आला, भाव बदलला, आणि काकांनी आपल्या फोनवर पान उघडून तो वाचला. मगच मी शेवटचा हप्ता घेतला.