‘माझे इंग्रजी तपासा’ म्हणजे नेमके काय तपासायचे?

इंदूरच्या आमच्या मराठी कुटुंबांच्या गटात कोणीतरी एक इंग्रजी वाक्य टाकून ‘तपासून द्या’ एवढेच लिहितो, आणि त्याला व्याकरण हवे आहे, सहज भाषा हवी आहे की परीक्षेतले उत्तर, हे कळत नाही.

प्रथम वाक्याची ठेवण पाहावी. त्याचे ए, बी, सी असे तुकडे पाडलेले असतील, रिकामी जागा असेल किंवा शेवटी ‘नो एरर’ असेल, तर तो परीक्षेचा प्रश्न आहे. तसे काही नसून संबोधन, विनंती किंवा आभार असतील, तर ते कोणाला तरी पाठवायचे आहे.

चुकांची संख्याही उपयोगी पडते. ‘आय ॲम लिव्हिंग इन इंदूर सिन्स फाइव्ह इयर्स’ या वाक्यात क्रियापद आणि ‘सिन्स’ अशा दोन चुका आहेत. परीक्षेच्या वाक्यात बहुधा एकच चूक पेरलेली असते, म्हणून हे लिहिणाऱ्याचे स्वतःचे वाक्य समजून ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन इंदूर फॉर फाइव्ह इयर्स’ असे द्यावे. वाक्यात चूकच नसेल, तर बहुधा सहजतेविषयी शंका असते.

तरीही उलगडा न झाल्यास ‘हे कुठे वापरणार?’ एवढेच विचारावे.

परीक्षेसाठी मात्र वाक्य नव्याने लिहू नये. ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ बोलण्यात अगदी योग्य आहे, पण परीक्षेत बहुधा ‘हूम’ अपेक्षित असते. तिथे तेवढाच शब्द बदलावा.