रिंग वाढवायला गेलो आणि व्हिडिओ ओरडला: फोनच्या आवाजाबाबत या चुका टाळा

आमच्या शेजारच्या काकांची तक्रार अशी होती की, त्यांच्या अँड्रॉइड फोनची रिंग ऐकू येत नाही, म्हणून ते रोज सकाळी बाजूचे बटण दाबून आवाज पूर्ण वाढवतात, तरीही दुपारपर्यंत दोन-तीन कॉल हुकतात आणि संध्याकाळी नातवाने पाठवलेला व्हिडिओ उघडला की तो मात्र घरभर ओरडतो. फोन बिघडलेला नव्हता. काका रोज वाढवत होते तो मीडियाचा, म्हणजे गाणी आणि व्हिडिओंचा आवाज होता. रिंगची पट्टी एका लग्नाच्या वेळी कमी केली होती, ती तिथेच राहिली होती.

फोनमध्ये मीडिया, रिंगटोन, कॉल आणि अलार्म यांचे आवाज वेगवेगळे ठेवलेले असतात, कारण गाणे बंद केले म्हणून पहाटेचा गजर बंद पडू नये. गोंधळ होतो तो या चार आवाजांसाठी बटणांची जोडी एकच असल्यामुळे. साधारण नियम असा की, त्या क्षणी जो आवाज चालू असेल तो बटणाने बदलतो आणि काहीच चालू नसेल तर बटण फोनने आधीच ठरवून ठेवलेल्या आवाजाकडे जाते. २०१८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ९ पूर्वी हा ठरलेला आवाज रिंगटोनचा असे, त्यानंतर तो मीडियाचा झाला. जुन्या फोनची सवय असलेल्या माणसाचे बोट तेच काम करत राहिले आणि बटणाचे काम मात्र बदलले.

‘जो आवाज चालू, तो बदला’ हा नियम गाण्याला आणि कॉलला उपयोगी पडतो. रिंग आणि अलार्म यांच्या बाबतीत तोच फसवतो. फोन वाजत असताना बटण दाबले तर रिंग मोठी होत नाही, ती त्या कॉलपुरती गप्प होते. अलार्म वाजताना बटण दाबल्यास काय होईल हे घड्याळाच्या ॲपमधील सेटिंगवर अवलंबून असते. तो काही मिनिटांसाठी पुढे ढकलला जाऊ शकतो किंवा बंदही होऊ शकतो. म्हणून हे दोन आवाज फोन शांत असतानाच सेटिंग्जमधून लावावेत.

काकांच्या फोनवर आम्ही तेच केले. बटण एकदा दाबल्यावर पडद्याच्या कडेला जी पट्टी येते, तिच्या जवळचे तीन टिंबांचे किंवा सेटिंगचे चिन्ह दाबले की सगळ्या पट्ट्या एकत्र दिसतात. हे चिन्ह न सापडल्यास सेटिंग्जमधील ध्वनीच्या विभागात त्या मिळतात. रिंगची पट्टी सरकवून बोट उचलले की नमुन्यादाखल रिंगटोन वाजते. ती वाजली म्हणजे आपण योग्य पट्टीला हात लावला आहे. अँड्रॉइड १४ पासून रिंग आणि सूचनांच्या पट्ट्याही वेगळ्या झाल्या आहेत, त्यामुळे मेसेजची टिंग मोठी असली म्हणून रिंगही मोठी असेल असे समजू नये.

कॉलचा आवाज बोलणे चालू असतानाच वाढवावा. कॉल संपल्यावर बटण दाबले तर पुन्हा मीडियाच वाढतो. कानाला लावून बोलताना, स्पीकरवर आणि ब्लूटूथवर हा आवाज वेगवेगळा साठवला जातो, त्यामुळे स्पीकरवर वाढवलेला आवाज कानाशी वाढलेला नसतो. पट्टी पूर्ण वर असूनही कानाशी बोलणे क्षीण येत असेल, पण स्पीकरवर स्पष्ट येत असेल, तर वरच्या बारीक जाळीत धूळ साचली आहे का किंवा काचेच्या संरक्षक पट्टीने ती झाकली आहे का, हे पाहावे. स्पीकरवरही क्षीण येत असेल, तर पलीकडच्या व्यक्तीचा माइक किंवा नेटवर्क यांची शक्यता अधिक. ही तपासणी न करता फोन दुरुस्तीला नेणे ही मला सर्वांत खर्चिक चूक वाटते.

अलार्मबाबत लोकांना भीती वाटते ती फोन सायलेंट केल्यावर तो वाजणारच नाही याची. अँड्रॉइडवर फोन सायलेंट केला तरी अलार्म वाजतो आणि त्याची पट्टी सहसा अगदी शून्यावर जात नाही. तो दबतो तो ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असताना आणि त्यात अलार्मला सूट दिलेली नसताना, तेव्हा झोपण्यापूर्वी ती सूट आहे याची खात्री करावी. अनेक आयफोनवर मात्र वेगळी खबरदारी लागते, कारण तिथे रिंगटोन आणि घड्याळाचा अलार्म एकाच पट्टीवर चालतात. ध्वनीच्या सेटिंगमध्ये बटणांनी रिंगटोन बदलण्याची मुभा चालू असेल, तर रात्री सहज कमी केलेल्या रिंगबरोबर सकाळचा गजरही हळू होतो. ती मुभा बंद केली की बटणे रिंगटोनला हात लावत नाहीत, आणि पट्टी एकदा योग्य जागी लावली की गजरही त्याच आवाजात वाजतो.