घरमालकाला वीजबिलाच्या वाट्याबद्दल पत्र लिहायचं तर आधी मीटरचा हिशेब मांडा

तीन मजली घर. मेन मीटर एकच, मालकांच्या नावावर. तळमजल्यावर एक भाडेकरू, पहिल्या मजल्यावर दुसरे, वर स्वतः मालक. दोन्ही भाडेकरूंना सब-मीटर लावून दिलेत, भाडेकरारातही "वीजबिल सब-मीटरप्रमाणे" असं लिहिलंय. तरी महिन्याच्या शेवटी व्हॉट्सॲपवर येतो तो एकच आकडा: "लाईटचे 3,263 पाठवा." पुण्यात आणि आसपासच्या उपनगरांत हे फार घडतं. मालकांनी मुद्दाम फसवलं असेलच असं नाही. बरेचदा आलेल्या बिलाला सरळ तीनाने भागलेलं असतं.

"बिल जास्त वाटतंय" एवढ्या बोलण्याने काही होत नाही, कारण वाटण्याला वाटण्याचंच उत्तर मिळतं. म्हणून पत्राआधी तीन गोष्टी हातात घ्या: महावितरणच्या मूळ बिलाची प्रत, सब-मीटरच्या मागच्या व चालू रीडिंगचे फोटो आणि भाडेकरार. बिल मागायला संकोच वाटत असेल तर निदान ग्राहक क्रमांक मागा, त्यावरून बिल ऑनलाइन बघता येतं.

बिल हातात आलं की सगळ्यात आधी रीडिंगच्या तारखा पाहा. मेन मीटरचं रीडिंग 5 तारखेला झालं आणि तुमचं सब-मीटर मालकांनी 12 ला वाचलं, तर सात दिवसांचा फरक हिशेबात घुसतो. पुढच्या महिन्यापासून दोन्ही फोटो एकाच दिवशी काढायचे. रीडिंग न घेता सरासरी युनिट लावलेलं बिल असेल, तर त्या महिन्याचा वाद उकरू नका. प्रत्यक्ष रीडिंग होऊन बिल दुरुस्त झालं की मग बसा.

आता आपल्या घराचे आकडे घेऊ. सोपं जावं म्हणून मी ते नीट भाग जाणारे निवडलेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला. मेन मीटर: मागील 18,240, चालू 18,812, म्हणजे 572 युनिट. देय रक्कम 9,790 रुपये. पण त्यात 1,210 रुपये मागची थकबाकी आहे. तुम्ही तुमचा वाटा दर महिन्याला मालकांना दिलेला असेल, तर थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज तुमच्या माथी येत नाही. चालू महिन्याचं खरं बिल 8,580 रुपये.

8,580 भागिले 572, सरासरी दर युनिटला 15 रुपये. स्थिर आकार, वहन आकार, 16 टक्के वीज शुल्क, सगळं यात आलं. ते पुन्हा वेगळं लावायचं नाही. माझ्या पाहण्यात एका मालकांनी सरासरी दर काढून त्यावर "टॅक्स" म्हणून पुन्हा 16 टक्के घेतले होते.

हा दर चढा का, तर घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते: पहिले 100 युनिट स्वस्त, मग 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर सगळ्यात महाग. तीन घरं एका मीटरवर आली की सगळ्यांची बेरीज वरच्या टप्प्यांत जाते. तुमचे युनिट स्वतंत्र मीटरवर असते तर बिल बरंच कमी आलं असतं, हे खरं. पण मालक प्रत्यक्षात सरासरी 15 नेच पैसे भरतात, तेव्हा या फरकावर भांडू नका. त्यावरचा उपाय म्हणजे वेगळा मीटर. वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जागेचा मालकच नाही, तिथे राहणाराही वीजजोडणीसाठी अर्ज करू शकतो. व्यवहारात मालकांचं संमतीपत्र सोबत असलं की काम सोपं होतं, म्हणून सूर नरम ठेवा.

तुमचं सब-मीटर: मागील 3,406, चालू 3,524, म्हणजे 118 युनिट. गुणिले 15, झाले 1,770 रुपये. राहिला सामाईक वापर. 1 एचपीचा पंप तासाला साधारण 1 युनिट घेतो. रोज 40 मिनिटं चालला तर महिन्याला 20 युनिट. जिन्यातले 9 वॉटचे तीन दिवे रोज दहा तास, म्हणजे साधारण 8 युनिट. एकूण 28 युनिट, 420 रुपये, तिघांत प्रत्येकी 140. तुमचा वाटा 1,910. मागितले 3,263. फरक 1,353 रुपये.

तळमजल्याचे 96 युनिट झाले असतील, तर उरलेले 330 वरच्या मजल्याचे, हे कोणीही वजाबाकी करून काढेल. पत्रात ते लिहू नका. मालकांना ते आपणहून कळू द्या.

एक तपासणी मात्र पत्राआधी कराच. घरातले एमसीबी सगळे बंद करून सब-मीटरजवळ पाच मिनिटं उभे राहा. लाल दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी कुठलीतरी लाईन, बहुधा जिना किंवा पंप, तुमच्या मीटरवर आहे. मग सामाईक वापराचा हिशेबच उलटतो. दिवा शांत राहिला तर 1,500 वॉटची पाणी तापवायची रॉड बादलीभर पाण्यात सोडून तेवढीच चालू करा. मीटरवर 3200 imp/kWh छापलं असेल तर मिनिटाला 80 च्या आसपास लुकलुक मोजता आली पाहिजे. व्होल्टेजमुळे थोडं इकडेतिकडे होईल. पण शंभराच्या वर गेली तर आधी मीटर बदलायला सांगा. रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका.

पत्र असं:

दिनांक: __

ती. काकांना,
स.न.वि.वि.

या महिन्याच्या वीजबिलापोटी आपण 3,263 रुपये कळवलेत. करारात सब-मीटरप्रमाणे आकारणी ठरली आहे, म्हणून मी मूळ बिलावरून हिशेब करून पाहिला.

चालू बिल (थकबाकी 1,210 वगळून): 8,580 रुपये
मेन मीटरचे युनिट: 18,812 − 18,240 = 572
सरासरी दर: 15 रुपये
माझे युनिट: 3,524 − 3,406 = 118, रक्कम 1,770 रुपये
पंप व जिना, अंदाजे 28 युनिट, माझा तिसरा हिस्सा: 140 रुपये
एकूण: 1,910 रुपये

ही रक्कम आज आपल्या खात्यावर पाठवली आहे. माझं काही चुकत असेल, किंवा पंप जास्त वेळ चालत असेल, तर कृपया दाखवावं. फरक लगेच देईन. पुढच्या महिन्यापासून दोन्ही मीटरचं रीडिंग एकाच दिवशी मिळून घेऊया. पहिल्या मजल्यासाठी वेगळा मीटर घ्यायचा माझा विचार आहे, त्याबद्दलही सवडीने बोलायचं आहे.

सोबत: बिलाची प्रत, मीटरचे फोटो.

आपला,
(पहिला मजला)

पैसे थांबवून ठेवू नका. जेवढे मान्य आहेत तेवढे पत्राच्या दिवशीच, यूपीआयवर महिना आणि युनिट लिहून पाठवा. म्हणजे "हा बिलच देत नाही" असं कोणाला म्हणता येणार नाही. मागच्या महिन्यांतही असंच झालं असेल, तर ज्या महिन्यांचे फोटो आहेत तेवढ्यांचाच हिशेब मागा. फोटो नसलेल्या महिन्यांचे पैसे सोडून द्यावे लागतात. पत्र हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" म्हणून सही घ्या. काका सही करायला कुरकुरले तर तेच पत्र त्यांना व्हॉट्सॲपवर टाका.