परदेशातल्या दुकानाची रील? आवाज ठाण्याचा घ्या

परदेशातल्या मराठी किराणा दुकानाच्या रीलमध्ये निवेदक ‘घरची चव’ म्हणाला की लोक पुढे सरकतात. त्यापेक्षा नौपाड्यातल्या एखाद्या काकूंकडून व्हॉइस नोट मागवा. पंखा तेवढा बंद ठेवायला सांगा.

३० सेकंदांची संहिता अशी:

१. चकली मोडल्याचा कुर्रकन आवाज.
२. काकू: “मऊ पडली? अगं, तेल फार तापलं असेल. मध्यम आचेवर, बुडबुडे कमी होईपर्यंत तळ.”
३. भाजणीचं पाकीट, किंमत दिसेल असं.
४. दिवाळीआधी पोचण्यासाठी ऑर्डरची शेवटची तारीख.

वरचं काकूंचं बोलणं नमुन्यापुरतं आहे; त्यांना वाक्यं लिहून देऊ नका, चकली मऊ का पडते एवढंच विचारा. वाचून दाखवलेलं लगेच कळतं. सिनेमाचं गाणं टाळा, हक्कांच्या कारणाने व्हिडिओचा आवाजच बंद होऊ शकतो.