हिंदी लग्नपत्रिकेच्या फोटोवरून मराठी पत्रिका कशी तयार करावी

आमच्या तुमसर तालुक्यातील अनेक घरांची सोयरीक राज्याच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यात कटंगी आणि वारासिवनीकडे आहे. तिकडची पत्रिका हिंदीत छापली जाते, तिचा फोटो मोबाइलवर येतो आणि इकडच्या पाहुण्यांना वाटण्यासाठी तिचीच मराठी पत्रिका हवी असते. हे काम मी बरीच वर्षे करीत आहे आणि प्रत्येक हंगामात एकच सल्ला ऐकतो की लिपी एकच आहे, बरेचसे शब्दही तेच आहेत, तेव्हा क्रियापदे तेवढी बदलली म्हणजे झाले. हा सल्ला मानू नये. अक्षरे सारखी असूनही ज्यांचा अर्थ सीमा ओलांडताच बदलतो, अशाच शब्दांवर या कामात चूक होते आणि ती चूक छापली जाते.

प्रथम चांगला फोटो मिळवावा. सोनेरी छपाईवर उजेड चमकतो आणि नेमकी नावाचीच ओळ पुसल्यासारखी दिसते, म्हणून पत्रिका सावलीत सपाट ठेवून, दोन वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले दोन फोटो मागवावेत. छापखान्याची पीडीएफ मिळाली तर उत्तमच. मात्र तिच्यातील मजकूर उचलून चिकटवल्यावर श्रीच्या जागी `Jh` असे काही उमटले, तर ती फाइल जुन्या कृतिदेव फॉन्टमधली आहे असे समजावे आणि ती फक्त डोळ्यांनी वाचण्यासाठी वापरावी.

त्यानंतर मराठी करण्याची घाई न करता संपूर्ण हिंदी मजकूर आहे तसा वहीत उतरवावा. वळणदार अक्षरांत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व हे एकमेकांसारखे दिसतात, आणि वेलबुट्टीच्या टिंबात अनुस्वार हरवतो. शब्द नेहमीचा असेल तर संदर्भावरून लागतो, पण आडनाव आणि गावाचे नाव संदर्भावरून लावू नये. जेथे शंका असेल तेथे खाली रेघ ओढावी. अंकांमध्ये १ आणि ९ यांचा घोळ सर्वांत अधिक होतो. तारखेशेजारी वार छापलेला असतो, तो दिनदर्शिकेत पडताळला की तारीख पक्की होते.

येथपर्यंतचे काम डोळ्यांचे आहे. यापुढचे काम, म्हणजे नावांच्या आधी लागणारी आदराची अक्षरे ठरवणे, हे पत्रिकेतील सर्वांत अवघड काम आहे.

मी केलेल्या पहिल्या काही पत्रिकांपैकी एकीत वधूच्या आईवडिलांची ओळ ‘श्रीमती अमुक एवं श्री अमुक’ अशी होती. मी ती ‘श्रीमती अमुक व श्री. अमुक’ अशी उतरवली आणि मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. जागा कमी पडल्यामुळे पत्रिकेच्या शेवटी निमंत्रकांमध्ये मात्र आईचे नाव एकटेच आले, तेही श्रीमती लावून. तीनशे पत्रिका छापून झाल्या आणि वाटायला सुरुवात झाली, तेव्हा पहिल्याच घरच्या आजोबांनी पत्रिका दोनदा वाचून विचारले, “मुलीचे बाबा कधी गेले जी?” मुलीचे बाबा त्या वेळी अंगणात मंडपाच्या बल्ल्या मोजत उभे होते. त्या रात्री आम्ही ‘सौ.’ छापलेल्या बारीक चिठ्ठ्या तीनशे पत्रिकांवर दोन दोन ठिकाणी चिकटवल्या, आणि वधूच्या आईला हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते मी विसरलेलो नाही.

कारण साधे आहे. हिंदीत ‘श्रीमती’ हे कोणत्याही विवाहित स्त्रीच्या नावाआधी लागते, तिचे पती हयात असोत वा नसोत. मराठीत सरकारी कागदावर आणि कार्यालयात श्रीमती सर्वांनाच लावतात हे खरे, पण लग्नपत्रिका वाचणारे वडीलधारे लोक ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ यांत स्पष्ट फरक करतात आणि श्रीमती दिसताच पती हयात नसल्याचा अर्थ घेतात. हा फरक योग्य आहे की नाही, यावर मते वेगळी असू शकतात. परंतु दुसऱ्याच्या घरच्या मंगल कार्याच्या पत्रिकेवर आपले मत छापू नये. म्हणून हिंदीतील प्रत्येक श्रीमतीपाशी थांबावे आणि ती व्यक्ती कोण, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पती हयात असतील तर ‘सौ.’ लिहावे. नसतील तर ‘श्रीमती’ तसेच ठेवावे. ‘गं. भा.’ हे माझ्या मनाने मी कधीही लिहीत नाही. घरच्यांनी स्वतः सांगितले तरच लिहितो, आणि तेव्हाही त्या बाईंना एकदा विचारून घ्या असे सांगतो. ज्यांच्याबाबत घरचेच अडखळतात, त्यांचे नाव कोणतेही अक्षर न लावता पूर्ण लिहावे. त्यात अनादर होत नाही.

याच जागी सुशोभित अक्षर दुसरा घात करते. ‘स्व.’ आणि ‘श्री’ ही दोन्ही नावाआधीची लहान अक्षरे असतात, आणि वेलबुट्टीत गुंफली की फोटोत जवळजवळ सारखी दिसतात. हयात माणसाला दिवंगत लिहिणे आणि दिवंगत आजोबांना निमंत्रक म्हणून उभे करणे, या दोन्ही चुका मी इतरांच्या पत्रिकांवर पाहिल्या आहेत. फोटो मोठा करून, डोळे बारीक करून येथे निर्णय घेऊ नये. वहीतील सर्व नावे क्रमाने फोनवर वाचून दाखवावीत आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारावा: “हे आहेत ना?” प्रश्न कठोर वाटतो, पण लग्नघरात कोणी त्याचा राग धरल्याचे मला आठवत नाही. उलट पुष्कळदा पलीकडचा माणूस थांबून सांगतो की अमुक काका दिवाळीनंतर वारले आणि छापताना त्यांच्या नावाआधी स्व. लावायचे राहून गेले.

‘स्व.’ हे मराठीत तसेच चालते किंवा ‘कै.’ होते. मात्र कुटुंब बौद्ध असेल तर या दोहोंऐवजी ‘कालकथित’ लिहितात. वधूच्या नावाआधीचे ‘आयुष्मती’ही असेच तपासून घ्यावे. हिंदीत ते हिंदू कुटुंबांच्या पत्रिकांवरही सर्रास असते, पण आपल्या विदर्भात ‘आयु.’ आणि ‘आयुष्मती’ ही अक्षरे वाचणाऱ्याला बौद्ध कुटुंबाची पत्रिका असल्याचे सांगतात. म्हणून हिंदू कुटुंबाच्या पत्रिकेत तेथे ‘चि. सौ. कां.’ लिहावे, आणि बौद्ध कुटुंबाच्या पत्रिकेतील आयुष्मतीला हातही लावू नये. नावाला मात्र मराठी वळण देऊ नये. रामलालजींचे रामलालराव करणे हा आदर नव्हे. ‘जी’ आपल्याकडेही चालते, ते राहू द्यावे.

तिथीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि तेथे चूक झाली की भटजी पत्रिका परत पाठवतात. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, पण कृष्ण पक्षात हिंदी पत्रिकेतील महिना आपल्यापेक्षा एकाने पुढे असतो. १६ मे २०२५, शुक्रवार या दिवसाचे एक लग्न माझ्याकडे आले होते. हिंदी पत्रिकेवर ‘ज्येष्ठ कृष्ण चतुर्थी, विक्रम संवत २०८२’ असे होते. मराठीत ते ‘वैशाख वद्य चतुर्थी, शके १९४७’ असे लिहिले. चैत्र पाडव्यानंतरच्या लग्नसराईत विक्रम संवतातून १३५ वजा केले की शक मिळतो. पडताळा घेणेही सोपे होते, कारण आपल्या दिनदर्शिकेत त्या दिवशी संकष्टी होती आणि महिना वैशाखच होता.

कार्यक्रमाच्या यादीत तीन शब्द जपावेत. हिंदी पत्रिकेतील ‘लग्न’ किंवा ‘लगुन’ हा लग्नपत्रिका लिहून वाचण्याचा विधी असतो आणि तो विवाहाच्या काही दिवस आधी होतो. तेथे ‘लग्न’ असेच ठेवले तर पाहुणे चुकीच्या दिवशी दारात येतात. त्याला ‘लग्नपत्रिका वाचन’ म्हणावे आणि ‘पाणिग्रहण संस्कार’ येथे ‘शुभविवाह’ लिहावे. ‘बारात प्रस्थान’ म्हणजे वऱ्हाड निघणे. तेथे वरात लिहू नये, कारण जुन्या माणसांच्या लेखी वरात लग्न लागल्यावर निघते. पाणिग्रहणाची वेळ मध्यरात्रीनंतरची असेल तर ती कोणत्या तारखेची रात्र, हेही विचारून घ्यावे. हळद, मेहंदी आणि प्रीतिभोज यांत काही अडचण नाही. प्रीतिभोजाला स्नेहभोजन म्हणावे.

आता विनंतीचे वाक्य. हिंदीत ते बहुधा ‘पधारकर वर-वधू को आशीर्वाद प्रदान कर हमें अनुगृहीत करें’ असे असते. याचे ‘पधारून आशीर्वाद प्रदान करा’ असे मराठी मी छापलेले पाहिले आहे. ‘पधारून’ हे आपल्या पत्रिकेच्या मराठीत बसत नाही, आणि ‘करा’ ही आज्ञा होते. मराठी पत्रिकेचा आदर ‘-वे’ आणि ‘-वेत’ या रूपांत असतो, म्हणून मी हे वाक्य असे लिहितो: “तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.” अनुगृहीत हा शब्द गळला म्हणून कोणी हळहळू नये, त्याचे काम ‘नम्र विनंती’ करते. वरची नेह-निमंत्रणाची दोन ओळींची कविता भाषांतरित करू नये, तिचे यमक मराठीत टिकत नाही. घरच्यांना विचारून ती काढावी किंवा हिंदीतच राहू द्यावी. ‘दर्शनाभिलाषी’ खालील नावे ‘आपले विनीत’ खाली घ्यावीत आणि त्यांचा क्रम बदलू नये, कारण तो घरात ठरवून झालेला असतो.

छापायला देण्यापूर्वी कच्ची प्रत दोन्ही घरांतील एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि आपण शेजारी बसून ऐकावे. ज्या नावापाशी ते थांबतील, तेथे पेन्सिलने खूण करावी आणि ते नाव पुन्हा विचारावे.