चर्चासत्राच्या शेवटी आभार कसे मानावेत

संध्याकाळचे पाच वाजत आलेले असतात. अध्यक्षीय समारोप नुकताच संपलेला असतो, बाहेरगावाहून आलेल्या प्राध्यापकांचे डोळे एसटीच्या वेळेकडे लागलेले असतात आणि सूत्रसंचालक जाहीर करतात, "आता आभारप्रदर्शन." महाविद्यालयांत हे काम बहुतेक वेळा विभागातल्या सर्वांत नव्या शिक्षकाकडे येते, तेही आदल्या दिवशी, "चार ओळी बोला" एवढ्या सूचनेवर. त्या चार ओळींची तयारी कशी करायची, ते एका दिवसाच्या राज्यस्तरीय चर्चासत्राचे उदाहरण धरून सांगते. विषय समजा 'बोलीभाषांचे संकलन' असा आहे. सकाळी उद्घाटन आणि बीजभाषण, मग दोन सत्रे, दुपारी शोधनिबंधांचे वाचन आणि शेवटी समारोप.

आधी आपण कोणाच्या वतीने बोलतो ते पक्के करा. राज्यपालांच्या अभिभाषणानंतर विधिमंडळात आभारप्रदर्शनाचा प्रस्ताव येतो, तो सभागृहाच्या वतीने असतो. चर्चासत्रातले आभारही मुळात तसेच, सभेने मानलेले असतात. म्हणून "मला व्यक्तिशः हे भाषण फार आवडले" किंवा "सरांचा आणि माझा परिचय फार जुना" ही वाक्ये इथे बसत नाहीत. अध्यक्षांनंतर कोणी भाषण करायचे नाही, हा आपल्याकडचा सभासंकेतही लक्षात ठेवा. आभार मानणारा अध्यक्षांनंतर बोलतो ते केवळ आभारांपुरते. अध्यक्षांच्या एखाद्या मुद्द्यावर आपले मत देणे, राहून गेलेला मुद्दा पुरा करणे किंवा विषयाचा नव्याने आढावा घेणे त्या जागेवरून होत नाही.

यादी

सुरुवात निमंत्रणपत्रिकेवरून करा, पण तिच्यावर विसंबू नका. पत्रिका छापल्यानंतर माणसे बदलतात. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: पूर्ण नाव, आजचे पद आणि आज केलेले काम. 'प्रभारी प्राचार्य' आणि 'प्राचार्य', 'माजी विभागप्रमुख' आणि 'विभागप्रमुख' यांत फरक आहे, आणि ज्यांनी पीएच.डी. केलेली नाही त्यांना व्यासपीठावरून 'डॉक्टर' म्हटले की तेच अवघडतात. आडनावातल्या च-ज चा उच्चार ठाऊक नसेल, पाहुणे दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातले असतील, तर चहाच्या वेळी त्यांनाच विचारा. विचारल्याचे कोणाला वाईट वाटत नाही, चुकीचे उच्चारल्याचे वाटते.

मग पत्रिकेत नसलेली माणसे शोधा. त्यासाठी दिवसाचा प्रवास मनात एकदा पुन्हा करा. पाहुण्यांना स्टेशनवरून कोणी आणले? नोंदणीच्या टेबलावर कोण होते? ध्वनिक्षेपक कोणी सांभाळला? दीडशे माणसांचे जेवण कोणी केले, भांडी कोणी घासली, सभागृह सकाळी सात वाजता कोणी झाडले? प्रमाणपत्रांवरची नावे कोणी तपासली? एका चर्चासत्रात मी विद्यापीठापासून छायाचित्रकारापर्यंत सर्वांची नावे घेतली, पण आदल्या रात्री अकरापर्यंत थांबून प्रमाणपत्रे छापणारे कार्यालयातले लिपिक राहिले. ते दाराशीच उभे होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटून आभार मानले, त्यांनी ते हसून स्वीकारलेही. पण सभेत राहिलेले सभेबाहेर भरून निघत नाही. तेव्हापासून ही दुसरी यादी मी आधी करते.

सकाळी फेरतपासणी, दिवसभर टिपण

चर्चासत्र सुरू झाल्यावर यादीतल्या प्रत्येकासमोर 'आले' किंवा 'आले नाहीत' अशी खूण करा. रात्री लिहिलेला कागद संध्याकाळी जसाच्या तसा वाचल्यामुळे, न आलेल्या पाहुण्यांच्या 'अभ्यासपूर्ण मार्गदर्शना'बद्दल आभार मानले गेल्याचे मी ऐकले आहे. जे येऊ शकले नाहीत पण ज्यांनी संदेश पाठवला, त्यांचा उल्लेख संदेशापुरताच करावा. ऐनवेळी ज्यांनी त्यांची जागा भरून काढली, त्यांचे मात्र आवर्जून आणि कारणासह आभार मानावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे काम. प्रत्येक वक्त्याच्या भाषणातला एकच मुद्दा एका ओळीत टिपा. यासाठी दिवसभर सभागृहात बसावे लागते. आभार मानणाऱ्याला जेवणाच्या व्यवस्थेत अडकवू नये असे मी म्हणते, ते याचसाठी. आपल्या उदाहरणात बीजभाषक बाईंनी सांगितले असेल की नुसता शब्द टिपू नका, तो कोणाच्या तोंडचा, कोणत्या गावचा आणि कोणत्या कामातला हेही टिपा. दुपारी वऱ्हाडीतल्या शेतीच्या शब्दांवरचा निबंध झाल्यावर एका विद्यार्थ्याने नेमके हेच विचारले असेल. ही दोन टिपणे हाताशी असली की आभार त्या दिवसाचे होतात. 'अनमोल मार्गदर्शन' आणि 'मोलाचे सहकार्य' हे शब्द कोणत्याही चर्चासत्राला चालतात, म्हणूनच वक्त्याला त्यातून काही मिळत नाही. आपले बोलणे कोणीतरी ऐकले, हे त्याला कळायला हवे.

मात्र मुद्दा एकच घ्या. तीन मुद्दे घेतले की भाषणाचा सारांश होतो, आणि सारांश समारोपात होऊन गेलेला असतो.

क्रम

बाहेरून आलेली माणसे आधी, घरची नंतर, हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो. समारोपाचे अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे, बीजभाषक, सत्राध्यक्ष व साधनव्यक्ती, निबंधवाचक, मग अर्थसाहाय्य देणारे विद्यापीठ किंवा संस्था, त्यानंतर संस्थाचालक, प्राचार्य आणि समित्या, पडद्यामागची माणसे आणि अखेरीस श्रोते. अध्यक्ष आपल्याच संस्थेचे असतील तर पाहुण्यांना पहिले स्थान द्यायला हरकत नाही, पण ते प्राचार्यांना आधी विचारून. अर्थसाहाय्याचा उल्लेख करताना रक्कम सांगू नका, योजनेचे आणि देणाऱ्याचे नाव पुरे.

पडद्यामागच्या माणसांना 'ज्ञात-अज्ञात सर्व हात' या एका शब्दप्रयोगात गुंडाळू नका. तुमच्या महाविद्यालयातले हात अज्ञात नसतात. इथे नावे घ्या. उलट समिती सदस्य वीस असतील तर सगळ्यांची नावे वाचू नका, समितीचे नाव आणि तिच्या समन्वयकांचे नाव घ्या. एका समितीतली चार नावे घेऊन पाचवे गाळले तर ते लगेच लक्षात येते, म्हणून एकतर सगळी घ्या किंवा एकही नको.

मजकूर

मी बोलते त्या वेगाने मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. चार मिनिटे म्हणजे चारशे शब्द, त्याहून जास्त नकोत. वर सांगितलेल्या चर्चासत्रासाठी सुरुवातीचा भाग असा होईल. नावांच्या जागी मी पदेच ठेवली आहेत.

"आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रहो, आज या सभागृहात बसलेल्या सर्वांच्या वतीने आभार मानण्यासाठी मी उभी आहे. समारोपाचे अध्यक्ष सर इथे सकाळपासून श्रोत्यांमध्ये बसून होते. समारोपात त्यांनी दुपारच्या निबंधांचे दाखले दिले, त्याबद्दल निबंधवाचकांच्या वतीनेही त्यांचे आभार. बीजभाषक मॅडमनी सकाळी सांगितले की शब्दाबरोबर तो बोलणारा माणूसही टिपा. दुपारी वऱ्हाडीवरच्या निबंधानंतर आमच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न तिथूनच आला होता. मॅडम, आम्ही आपले आभारी आहोत. मालवणीवर बोलणारे सर पहाटेच्या गाडीने आले आणि ध्वनिमुद्रणे सोबत घेऊन आले, त्यामुळे ती बोली आम्हाला ऐकायला मिळाली."

पडद्यामागच्या भागासाठी: "कालपासून सभागृहाची सारी मांडणी आमच्या दोन सेवकांनी केली. ध्वनियंत्रणा दिवसभरात एकदाही बंद पडली नाही, हे ज्यांच्यामुळे घडले ते कोपऱ्यात बसले आहेत. आजचे जेवण बचत गटाच्या भगिनींनी केले. या सर्वांचे आभार."

दुसऱ्या उताऱ्यात 'आभार' हा शब्द एकदाच आला आहे ते पाहा. प्रत्येक नावाला "मी त्यांचे मनःपूर्वक आभार मानते" असे जोडले तर ते वाक्य अठरा वेळा येते आणि पाचव्या वेळेनंतर कोणी ऐकत नाही. कामे सांगत जा, तीन-चार माणसे झाली की एकदा आभार माना. 'आभारी आहोत', 'ऋणी आहोत', 'धन्यवाद' हे आलटून पालटून येऊ द्या, पण 'ऋण' शब्द जिथे उपकार खरोखर मोठा आहे तिथेच वापरा.

"मी आभार मानू इच्छिते" हे वाक्यही टाळा. इच्छा सांगून थांबल्यासारखे होते, सरळ आभार माना. "आभार मानून त्यांना परके करणार नाही" हे वाक्य घरच्या माणसांसाठी वापरतात, पण मग त्यांच्या वाट्याला आभार येतच नाहीत. प्राचार्यांनी सभागृह दिले, विभागाच्या तासिका बदलून दिल्या, ते स्पष्ट सांगावे. शेवटी "कोणाचा नामोल्लेख राहिला असल्यास क्षमस्व" म्हणायला हरकत नाही, पण त्या भरवशावर यादी अर्धी ठेवू नये.

उभे राहिल्यावर

नावे मोठ्या अक्षरांत छोट्या कार्डांवर लिहा, एका कार्डावर तीन ते चार. मोबाइलवरून वाचू नका, ऐन वेळी पडदा बंद होतो आणि समोरच्यांना तुम्ही संदेश पाहत आहात असे वाटते. ज्यांचे आभार मानता त्यांच्याकडे पाहा, सभागृहाच्या कोपऱ्यातल्या माणसाकडेही.

वेळ संपत आली असेल तर घाईने वाचू नका, कार्डे कमी करा. कोणती कार्डे काढायची हे आधीच ठरलेले असावे. मी समित्यांची कार्डे काढते. पाहुणे आणि पडद्यामागची माणसे काढत नाही.

प्रमाणपत्रे कुठे मिळतील, प्रवासभत्त्याचे फॉर्म कुठे द्यायचे, या सूचना आभारांत मिसळू नका. आणि प्रमाणपत्रांचे वाटप आभारांआधी ठेवू नका, हे संयोजकांना आठवडाभर आधीच सांगा. प्रमाणपत्र हातात पडले की अर्धे सभागृह रिकामे होते, मग सेवकांचे आभार रिकाम्या खुर्च्यांपुढे मानावे लागतात.

"अध्यक्षांच्या परवानगीने चर्चासत्र संपले असे जाहीर करते" हे वाक्य तुम्ही म्हणायचे की सूत्रसंचालकांनी, तेही आधी ठरवून घ्या. ते ठरले नसेल तर दोघेही म्हणतात, किंवा दोघेही थांबतात आणि राष्ट्रगीतासाठी उभे राहायचे की नाही हे कोणालाच कळत नाही. तुम्ही म्हणणार असाल तर ते शेवटच्या कार्डावर लिहून ठेवा, त्याखाली राष्ट्रगीताची सूचना लिहा आणि तेवढे म्हणून ध्वनिक्षेपकापासून मागे या.