नव्या तहसीलदाराची पहिली बैठक : स्वतःची ओळख कशी करून द्यावी

तहसीलदार म्हणून पहिलंच पोस्टिंग. तुमचं वय सत्तावीस, आणि समोर बसलेल्या अव्वल कारकुनांची नोकरीच तेवढ्या वर्षांची. आजवर आठ-दहा साहेबांची पहिली भाषणं त्यांनी ऐकलेली असतात. तुम्ही 'कडक' की 'बरे', हा निकाल ते पाच मिनिटांत लावतात.

बैठकीआधी

कार्यभार घेतला त्याच दुपारी बैठक लावू नका, दोन दिवस थांबा. आस्थापना शाखेकडून मंजूर आणि रिक्त पदांची यादी मागवा. संजय गांधी योजनेच्या टेबलावर तिघांचं काम एकटी व्यक्ती ओढत असेल आणि तुम्ही प्रलंबित प्रकरणांवर बोलू लागलात, तर पहिल्याच दिवशी हसं होतं. मग पुरवठा शाखेपासून अभिलेख कक्षापर्यंत स्वतः फिरून या. त्यांना केबिनमध्ये बोलावणं सोपं असतं, पण टेबलाशी गेलात तर गठ्ठे दिसतात आणि नावंही लक्षात राहतात.

तलाठी आणि मंडळ अधिकारी लांबून येतात. जिल्ह्याची व्हीसी नसेल असा दिवस धरा, निरोप आदल्या दिवशी द्या, वेळ दुपारची ठेवा. शिपाई, वाहनचालक, कंत्राटी ऑपरेटर यांनाही बोलवा आणि त्यांच्यासाठी खुर्च्या आहेत ना, हे आधी पाहून घ्या. शिपाई भिंतीला टेकून उभे आणि साहेब 'आपण सगळे एक टीम' म्हणताहेत, हे दृश्य मी पाहिलंय. (शाल-श्रीफळ येणारच. एक गुच्छ घ्या आणि हार तिथेच थांबवा.)

काय बोलायचं

आधी तुम्ही बोला, मग त्यांना ओळख करून द्यायला सांगा. उलटं केलंत तर ती तोंडी परीक्षा वाटते. चार मिनिटं पुरेत. एमपीएससीतला क्रमांक आणि अभ्यासाचे तास इथे कुणाला नको असतात. साधारण असं बोलता येईल :

"नमस्कार. मी मूळची परभणीकडची, घरी शेती आहे. त्यामुळे सातबाऱ्यासाठी रांगेत उभं राहणं मला ठाऊक आहे. टेबलाच्या या बाजूला मात्र मी नवीन आहे. या तालुक्याची माहिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे, ती मी विचारत राहीन.

माझ्या कामाची पद्धत सांगते. फाईल कुणाकडेही साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं 2005 चा दफ्तर दिरंगाई कायदा सांगतो. तो मलाही लागू आहे. माझ्या टेबलावर आठवा दिवस लागला तर मला आठवण करून द्या. तुमच्याकडे अडली तर का अडली, हे टिपणीत दोन ओळींत लिहा. मी आधी कारण वाचेन. चूक झाली तर ती बाहेरून कळण्याआधी तुमच्याकडून कळावी. काही खटकलं तर मी केबिनमध्ये बोलेन, लोकांसमोर नाही."

यात शिस्त आहे, पण नियम आधी स्वतःला लावला आहे. त्याच कायद्यात दिरंगाईसाठी शिस्तभंगाची कारवाईही आहे. ती सगळ्यांना माहीत असते, म्हणून त्या दिवशी तिचा उच्चार नको.

क्रियापदांकडे लक्ष द्या

हुकमी सूर बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. 'उशिरा आलेलं खपवून घेणार नाही' याऐवजी 'मी पावणेदहाला टेबलावर असेन' म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी खरंच असा. 'माझा दरवाजा सदैव उघडा' हेही टाळा. त्याऐवजी 'रोज साडेपाच ते सहा मी फक्त स्टाफसाठी' असं सांगा. पाळता येईल तेवढंच बोला, कारण ती वेळ दोनदा चुकली की कुणी फिरकत नाही. वयाने मोठ्यांना 'अहो-जाहो' करायचंच, पण शिपायालाही 'अरे' नको.

कुठे पाय घसरतो

कुणीतरी मुद्दाम म्हणेल, "मॅडम, आधीच्या साहेबांनी तर सगळी वाट लावून ठेवलीय." इथे मान हलवली तरी संपलं. ज्याने साहेबांना नावं ठेवली तो उद्या तुम्हालाही ठेवेल, आणि त्यांची माणसं त्याच खोलीत बसलेली असतात. "कुठली प्रकरणं अडलीत त्यांची यादी मला द्या, उद्या एकत्र बसून पाहू" एवढंच उत्तर द्या.

दुसरा प्रकार बदलीचा किंवा रजेचा. सगळ्यांसमोर विचारलं की चांगुलपणाच्या भरात 'बघू, करून टाकू' निघून जातं. बदलीचा अधिकार तुमचा नसतो. तसं सरळ सांगा आणि अर्ज आला तर वेळेत वर पाठवीन, एवढाच शब्द द्या.

"काही अडचणी?" असं विचारल्यावर शांतता पसरली तर ती भरायला उपदेश सुरू करू नका. आधी फिरताना पाहिलेली एखादी गोष्ट काढा : "अभिलेख कक्षात पाणी गळतंय, गठ्ठे कुठे हलवता येतील?" गळक्या छपरावर प्रत्येकाकडे काहीतरी मत असतं. कोण बोललं ते वहीत लिहा आणि आठवडाभरात गठ्ठे हलवा.

सूर जमला की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. पुढच्या पंधरवड्यात एखादा कारकून चुकलेली नोंद स्वतःहून घेऊन साडेपाचला दारात उभा राहिला, तर जमला.